बाळाचं पहिलं अंडं: पाव चमचा आणि दोन तास लक्ष

प्रश्न: आम्ही मेलबर्नला राहतो. मुलगी सात महिन्यांची आहे. उष्टावण झालं, आता मऊ भात, वरण, रताळं आवडीने खाते. गालांवर आणि कोपराच्या वळ्यांत तिला एक्झिमा आहे, पण मलमाने आटोक्यात असतो. इथल्या नर्सने अंडं सुरू करायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात अंडं उष्ण पडेल, वर्षाची होऊ दे, आणि द्यायचंच तर नुसतं पिवळं दे. कुणाचं ऐकू?

उत्तर: या बाबतीत नर्सचं ऐका. सासूबाई मनचं काही सांगत नाहीत. त्यांची मुलं लहान होती तेव्हा डॉक्टरही अंडं उशिरा द्यायला सांगत. पण उशीर केल्याने अंड्याची अ‍ॅलर्जी टळत नाही, उलट वाढू शकते, असं पुढे दिसलं. म्हणून ऑस्ट्रेलियातला आजचा सल्ला असा आहे: बाळ वरचं खायला लागलं की साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास, चार महिन्यांच्या आत नाही, आणि पहिल्या वाढदिवसाच्या आधी नीट शिजवलेलं अंडं सुरू करावं. तुमच्याच शहरात झालेल्या हेल्थनट्स अभ्यासात वर्षाच्या मुलांपैकी जवळजवळ ९ टक्के मुलांना कच्च्या अंड्याची अ‍ॅलर्जी निघाली. त्यामुळे तिथल्या नर्स या गोष्टीचा आग्रह धरतात.

एक्झिमा असलेल्या बाळांना अ‍ॅलर्जीची शक्यता जास्त असते, आणि म्हणूनच त्यांच्या बाबतीत उशीर करू नये. तुमच्या मुलीसारखा आटोक्यातला एक्झिमा असेल तर घरी सुरुवात करता येते. अंगभर चिघळलेला असेल, किंवा एखाद्या पदार्थाने आधी रिअ‍ॅक्शन आली असेल, तर आधी जीपीला विचारा. मलम नियमित लावा. आंघोळीला दूध-डाळीच्या पिठाचं उटणं लावत असाल तर ते तूर्त बंद ठेवा. फुटलेल्या त्वचेतून अन्नातली प्रथिनं आत गेली की त्यातूनच अ‍ॅलर्जी सुरू होऊ शकते.

नुसतं पिवळं देऊन मात्र काम भागत नाही. अ‍ॅलर्जी आणणारी मुख्य प्रथिनं पांढऱ्यात असतात, तेव्हा पिवळं पचलं म्हणजे अंडं चाललं असं म्हणता येत नाही. अख्खं अंडं दहा-बारा मिनिटं कडक उकडा, पांढरं-पिवळं एकत्र अगदी बारीक कुस्करा आणि तिच्या रोजच्या मऊ भातात किंवा तुमच्या दुधात कालवा. दिवस असा निवडा की तिला सर्दी-ताप नाही, त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ नाही, आणि घरात कुणीतरी मोकळं आहे. वेळ सकाळची, झोपेच्या तोंडावरची नको. आधी ओठाच्या आतल्या बाजूला कणभर लावा. अंगाला लावून बघू नका, त्यातून काही कळत नाही. काही मिनिटांत काही झालं नाही तर पाव चमचा द्या. चमचा चहाचा, छोटा. पुढच्या खेपेला अर्धा, मग हळूहळू वाढवा.

केक किंवा बिस्किट खाल्लंय म्हणजे अंडं झालं, असं बरेच जण धरून चालतात. मैद्यात मिसळून भट्टीत बराच वेळ भाजल्यावर अंड्यातली प्रथिनं बदलतात, आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली बरीच मुलं केक आरामात खातात. तेच मूल आतून ओलसर राहिलेलं ऑम्लेट खाल्ल्यावर पाच मिनिटांत गांधी उठून लाल होऊ शकतं. कच्चं किंवा अर्धकच्चं अंडं बाळाला तसंही देऊ नये.

आता लक्ष कशावर ठेवायचं ते सांगते. नेहमीची रिअ‍ॅक्शन बहुधा काही मिनिटांत दिसते, क्वचित दोन तासांपर्यंत. जिथे अन्न लागलं तिथेच, हनुवटीवर, सपाट लाली आली आणि पुसल्यावर थोड्या वेळात गेली, तर ती बहुतेक वेळा नाजूक त्वचेची चुरचुर असते. पोटावर, पाठीवर, म्हणजे अन्न जिथे लागलंच नाही तिथे उंचवट्याच्या खाजऱ्या गांधी आल्या, ओठ किंवा पापण्या सुजल्या, उलटी झाली, तर ती अ‍ॅलर्जी समजा. अंडं थांबवा, फोटो काढा, किती वाजता काय आणि किती दिलं ते लिहून ठेवा आणि त्याच दिवशी जीपीला कळवा. आपल्याकडे अंगावर पित्त उठलं म्हणून आमसुलाचं पाणी लावतात. त्याने खाज शमेल कदाचित, पण रिअ‍ॅक्शन थांबत नाही, आणि त्या गडबडीत बाळाच्या श्वासाकडे दुर्लक्ष होतं. भारतातून आणलेलं अ‍ॅलर्जीचं सिरपही मनाने देऊ नका. झोप आणणाऱ्या औषधाने बाळ पेंगलं, तर ते औषधाने मलूल झालंय की रिअ‍ॅक्शनने, हे कळत नाही.

श्वास घरघरतोय, खोकला थांबत नाही, रडण्याचा आवाज घोगरा झालाय, जीभ सुजलीय, किंवा बाळ पांढरंफटक पडून अंग सैल सोडतंय, यातलं एक जरी दिसलं तरी ताबडतोब 000 ला फोन करा. अंगावर पुरळ नसलं तरीही. बाळाला आडवं धरा. घाबरलेल्या बाळाला खांद्यावर उभं घेऊन थोपटायची आपली सवय असते, पण अशा वेळी उभं धरल्याने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. यावर औषध अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. तुमच्याकडे डॉक्टरांनी दिलेला पेन असेल तर लगेच टोचा. गाडी काढून स्वतः हॉस्पिटल गाठायला जाऊ नका.

आणखी एक प्रकार फसवा असतो. खाल्ल्यावर एक ते चार तासांनी बाळ पुन्हा पुन्हा उलट्या करतं, फिकट आणि मलूल होतं, पण गांधी एकही नाही. घरचे पोट बिघडलं म्हणतात. अंडं दिलेल्या दिवशी असं झालं तर इमर्जन्सीत न्या आणि अंडं कधी दिलं ते न विसरता सांगा.

रिअ‍ॅक्शन आली तर घरी पुन्हा देऊन खात्री करू नका. जीपी तुम्हाला अ‍ॅलर्जी तज्ज्ञांकडे पाठवतील. बाकी पचणारे पदार्थ मात्र बंद करू नका. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना फ्लूची आणि गोवराची लस घेता येते. बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी पुढे जातेही.

काहीच झालं नाही तर आठवड्यातून दोनदा तरी अंडं चालू ठेवा. आपल्या घरांत सोमवार, चतुर्थी करत करत श्रावण येतो आणि महिनाभर अंडं बंद होतं. मोठ्यांनी पाळावं, बाळाचा वेगळा टोप ठेवावा. घरात कुणीच अंडं खात नसेल तर बाळाला द्यायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण एकदा सुरू केलं की मधे सोडू नका.

तुम्ही कामावर असताना बाळ सासूबाईंपाशी असेल, तर ही लक्षणं त्यांना मराठीत कागदावर लिहून फ्रिजवर लावा. खाली घरचा पत्ता मराठी अक्षरांत, आणि 000 लावल्यावर आधी ‘अ‍ॅम्ब्युलन्स’ म्हणायचं, मग ‘मराठी’. दुभाषा जोडून देतात. एकदा त्यांच्याकडून पत्ता मोठ्याने वाचून घ्या. नवा पदार्थ मात्र तुम्ही घरी असाल त्याच दिवशी द्या.