व्याज मिळतंय म्हणून पैसे वाढतायत असं नाही

"माझी बरीच रक्कम सेव्हिंग अकाउंटला पडून आहे. बँक व्याज देतेच, मग पैसे 'कमी होतात' असं लोक का म्हणतात? आणि बँका महागाईइतकं व्याज का देत नाहीत?"

खरं तर उत्तर लिहायचं नव्हतं, पण "व्याज देतेच" हे शब्द वाचले आणि आमचा दादाच समोर उभा राहिला. आमच्या घरात हे भांडण आठ वर्षं चाललं आणि अजून मिटलंय असं मी म्हणणार नाही. त्यात मी स्वतः बँकेत बावीस वर्षं काढली, त्यातली सहा वर्षं ठेवींच्या टारगेटमागे धावण्यात गेली, म्हणजे माझंच कोणी ऐकत नाही हा अपमान वेगळाच.

बाबा गेल्यावर त्यांच्या विम्याचे दहा लाख आईच्या सेव्हिंगला आले. आईचं पेन्शनवर भागतं, त्यामुळे त्या पैशाला कोणी हात लावणार नव्हतं. मी म्हटलं दोन लाख सेव्हिंगला ठेवू, आठ लाखांची एफडी करू. शेअर नाही, फंड नाही, साधी एफडी! दादा म्हणाला, "अगं, पैसा कसा हाताशी पाहिजे. आणि व्याज येतंय ना? आकडा वाढतोय ना? मग झालं तर." थोरला तो, आई त्याच्या बाजूने, विषय संपला.

मग मी एक उद्योग सुरू केला. दरवर्षी आईच्या पासबुकात व्याजाची नोंद झाली की शेजारच्या कोऱ्या जागेत पेन्सिलने दुसरा आकडा लिहायचे. बाबा गेले त्या वर्षी दहा लाखांत जेवढं सामान आलं असतं, तेवढंच सामान घ्यायला आज किती लागतील, तो आकडा. व्याज तीन टक्के होतं. महागाई दरवर्षी वेगवेगळी होती, पण सरासरी सहाच्या आसपास होती म्हणून मी सरळ सहा धरले. पहिल्या वर्षाअखेर छापील आकडा १०,३०,००० आणि पेन्सिलचा १०,६०,०००. दादाने बघितलं आणि म्हणाला, तीस हजारांसाठी एवढं काय! दुसऱ्या वर्षी १०,६०,९०० आणि ११,२३,६००, म्हणजे फरक दुपटीच्याही पुढे गेला. आठव्या वर्षी छापलेले १२ लाख ६७ हजार आणि पेन्सिलचे १५ लाख ९४ हजार. आता पहिल्याला दुसऱ्याने भागा, ०.७९ येतात. म्हणजे पासबुकात दहाचे पावणेतेरा झाले, आणि खरेदीच्या हिशोबाने दहाचे आठसुद्धा राहिले नाहीत. हे "कमी होणं". पैसे कोणी काढून नेत नाही, त्यांची ताकद जाते, आणि आकडा वर जात असतो म्हणून कोणाला कळत नाही. आकडा दरवर्षी तीन टक्के खाली गेला असता ना, तर दादा पहिल्याच वर्षी बँकेत जाऊन टेबलावर हात आपटून आला असता.

बरं हा टॅक्सच्या आधीचा हिशोब आहे. टॅक्स लागतो तो आलेल्या व्याजावर, महागाई त्यातून वजा करून नाही. वीस टक्के टॅक्स धरला तर हातात तीनाचे २.४ उरतात आणि आठ वर्षांनी ती ताकद जवळजवळ आठवरून साडेसातच्या आसपास येते. म्हणजे मुळात तोटा होतोय आणि त्या तोट्यावर टॅक्सही भरतोय.

आता बँका महागाईइतकं का देत नाहीत. लोकांना वाटतं व्याजदर महागाई बघून ठरतो. नाही हो. बँक एवढंच बघते की हे पैसे टिकवायला कमीत कमी किती द्यावं लागेल. मी एका मीटिंगला बसले होते, ठेवी कमी पडत होत्या, आणि एका नवीन पोराने विचारलं की सेव्हिंगचा रेट एक टक्क्याने वाढवू या का. साहेबांनी फळ्यावर गणित मांडलं ते मला अजून पाठ आहे. समजा सेव्हिंगमध्ये आधीच १००० कोटी पडलेत. रेट एक टक्क्याने वाढवला तर नवीन ५० कोटी येतील. पण वाढीव एक टक्का फक्त त्या ५० कोटींना देता येत नाही, आधीच्या हजारांनाही द्यावा लागतो, म्हणजे वर्षाला १० कोटी जास्तीचा खर्च. ५० कोटी आणायला १० कोटी, म्हणजे त्या नवीन पैशावर व्याज सोडून वर वीस टक्के पडले. त्यापेक्षा तेच ५० कोटी सात टक्क्यांच्या एफडीने उचला ना, एफडीचा नवा रेट जुन्या एफडीवाल्यांना द्यावा लागत नाही. पोरगा गप्प.

आणि ते आधीचे हजार कोटी कुठे जात नाहीत हे बँकेला माहीत असतं. एकेक खातेदार हवे तेव्हा पैसे काढू शकतो, पण सगळे मिळून काढत नाहीत. एकाने काढले की दुसऱ्याचा पगार येतो. मोठा भाग वर्षानुवर्षं हलत नाही, आणि त्याच्याच जोरावर बँक लांब मुदतीची कर्जं देते. माझ्या आईसारखी आणि तुमच्यासारखी खाती ही बँकेची सगळ्यात लाडकी खाती, राग मानू नका. जे खातं रेट बघून हलत नाही त्याला रेट वाढवून कोण देईल?

म्हणूनच मध्यवर्ती बँकेने दर वाढवले की कर्जाचे हप्ते लगेच वाढतात आणि सेव्हिंगचा रेट जागेवर बसून राहतो. वाढीव दरातला किती हिस्सा ठेवीदारापर्यंत पोचला त्याला आमच्यात डिपॉझिट बीटा म्हणतात. दर अडीच टक्क्यांनी वाढला आणि सेव्हिंग पाव टक्क्याने, तर बीटा ०.१. अमेरिकेत तर मार्च २०२२ मध्ये जवळजवळ शून्यावर असलेला दर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाचच्या वर गेला, मधे जून २०२२ ला महागाई ९.१ टक्क्यांवर होती, आणि एवढं होऊनही तिथल्या सेव्हिंग खात्यांचा सरासरी रेट अर्धा टक्कासुद्धा नव्हता. त्याच वेळी काही ऑनलाइन बँका चारच्या वर देत होत्या, पण लोक हलले तर ना.

बँकेची बाजूही सांगते नाहीतर म्हणाल बाई कडवट आहे. सेव्हिंगचं व्याज कमी असतं कारण बाकीचं सगळं तुम्ही सेवेत घेता, कार्ड, एटीएम, शाखा, रात्री दोनला पैसे पाठवायची सोय. त्याचं भाडं व्याजातूनच कापलं जातं असं समजा. खात्यात वीस हजार असतील तर हा सौदा तुमच्या फायद्याचा आहे. दहा लाख ठेवलेत तर वीस हजारवाल्यांचं भाडंही तुम्हीच भरताय.

तुम्ही काय करायचं? रक्कम लिहिली नाहीये त्यामुळे नेमकं सांगता येत नाही. वर्षभरात मिळालेलं व्याज भागिले वर्षभरातली सरासरी शिल्लक, एवढं करून खरा रेट काढा, टॅक्स वजा करा आणि त्या वर्षीच्या महागाईशेजारी ठेवा. सरकारी महागाईचा आकडा सरासरी टोपलीचा असतो, तुमचा खर्च औषधं आणि फी यांवर जास्त असेल तर तुमची महागाई वेगळी निघेल. मग चार-सहा महिन्यांचा खर्च आणि वर्षभरात नक्की लागणारे पैसे सेव्हिंगलाच राहू द्या, ते महागाईशी लढायला नाहीतच, ते अडीनडीला आहेत. त्याच्यावरचं हलवा. एफडीत मोडण्याची भीती वाटत असेल तर एक मोठी करू नका, चार-पाच लहान करा, लागेल तेवढीच मोडायची.

आणि एक कबुली द्यायलाच हवी कारण दादा हे वाचणार आहे. माझी एफडी म्हणजे काही जादू नव्हती. साडेसहा टक्क्यांनी आठ लाखांचे सव्वातेरा झाले असते, सेव्हिंगच्या दोन लाखांचे अडीच, मिळून १५ लाख ७७ हजार. पेन्सिलच्या आकड्याच्या तरीही किंचित खालीच, आणि टॅक्स कापल्यावर साडेचौदाच्या आत. म्हणजे एफडीनेही महागाईला हरवलं नसतंच. ज्याने हरवता येते त्यात मुद्दल खाली जायची शक्यता असते, आणि आईच्या वयात ती मी घेतली नसती. शिवाय महागाई दोन टक्क्यांवर असेल आणि सेव्हिंग तीन देत असेल अशीही वर्षं येतात, तेव्हा दादाचं बरोबर. पण माझं भांडण जिंकण्याचं नव्हतंच, हरायचंच असेल तर तीन लाखांनी कमी हरू एवढंच मी म्हणत होते. तीन लाख, दादा!

पाचव्या वर्षी मी गेले तेव्हा पेन्सिलचे सगळे आकडे खोडरबराने पुसलेले होते. आई म्हणाली, "उगाच घाबरायला होतं गं ते बघून." पुसलं दादानेच, कागद झिजून मागच्या पानाची छपाई दिसायला लागली होती. मी पुन्हा लिहिले, या वेळी पेनने. गेल्या महिन्यात दादाचा फोन, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर शेवटी हळूच विचारतो, "ते आठ लाखांचं म्हणत होतीस तू, त्याला आता रेट काय चाललाय?" म्हटलं आठ कशाला, आता दहाची कर.