अर्डुइनो उनोवर ८ थर्मिस्टर, अॅनालॉग पिना मात्र ६

वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये १०० किलोओहमचे ८ थर्मिस्टर ७४एचसी४०५१ मल्टिप्लेक्सरमधून वाचतोय, पण एक तापला की पुढच्या चॅनेलचं रीडिंगही हलतं. चिप खराब आहे का?

चिप बहुतेक ठीक आहे. १०० किलोओहमच्या रेझिस्टरसोबत तुमचा सोर्स २५ अंशांना ५० किलोओहमचा होतो, आणि उनोच्या एडीसीला १० किलोओहम किंवा कमी लागतो. त्यामुळे आतला कपॅसिटर वेळेत भरत नाही, आधीच्या चॅनेलचा चार्ज उरतो.

प्रत्येक थर्मिस्टर आणि त्याच्या रेझिस्टरच्या जोडापासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. तो मल्टिप्लेक्सरच्या आधीच हवा; सामायिक पिनवर लावलात तर तोच जुना चार्ज पुढे नेईल. शिवाय चॅनेल बदलल्यावर पहिलं रीडिंग टाकून द्या:

```
analogRead(A0);
int v = analogRead(A0);
```

खात्रीसाठी एकच थर्मिस्टर बोटांत धरून गरम करा. पुढचा आकडा हलायला नको.