झाकण कोणत्या बाजूने उचलायचं?

“मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. मी स्वयंपाक करताना दोघांनाही मध्ये लुडबुडायचं असतं. गेल्या महिन्यात मुलीचं मनगट वाफेने भाजलं, तेव्हापासून मी दोघांना आत येऊ देत नाही. ती रुसून बसते आणि मला धीर होत नाही. कोणत्या वयात काय करू द्यावं?”

वयाकडे नंतर वळू, म्हणून मी आधी त्या संध्याकाळचा प्रसंग सविस्तर सांगायला लावला. भाजी शिजत होती, आईचा फोन वाजला. वळता वळता ती म्हणाली, “बघ गं, शिजली का, पण सांभाळून.” मुलगी स्टुलावर चढली आणि झाकण स्वतःच्या दिशेने उचललं. वाफ थेट मनगटावर आली. वाफेचं त्वचेवर पाणी होताना साठलेली उष्णता सुटते, म्हणून तितक्याच तापलेल्या पाण्यापेक्षा ती जास्त भाजते. हे आठ वर्षांच्या मुलीला कसं ठाऊक असणार? “सांभाळून” म्हणजे हाताने नेमकं काय करायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून घरासाठी नियम ठरवताना आम्ही एकच अट घातली: नियम डोळ्यांनी तपासता यावा. “नीट कर” चालणार नाही. “झाकणाची पलीकडची कड आधी उचल, म्हणजे वाफ तुझ्यापासून दूर जाईल” चालेल. मात्र हा नियमसुद्धा सध्या मोठ्यांसाठीच, कारण गॅसभोवती साधारण एक मीटरवर जमिनीला रंगीत चिकटपट्टी लावली आणि तिच्या आत मुलांनी पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवायचे, उकळतं भांडं शक्यतो मागच्या बर्नरवर ठेवायचं. आईसाठीही एक नियम झाला: फोन घ्यायचा तर आधी गॅस बंद.

रेषेबाहेरच्या टेबलावर मात्र भरपूर कामं होती. चार वर्षांच्या भावाला पालेभाजीची पानं तोडणं आणि शिजवायच्या भाज्या धुणं दिलं. या वयात हात सारखा नाकातोंडात जातो, त्यामुळे कच्ची खायची कोशिंबीर त्याच्याकडे देऊ नये, असं माझं मत. दहा मिनिटांत तो कंटाळतो, तेव्हा त्याला मोकळं सोडायचं.

मुलीला सुरी हवी होती. आईने तिच्यासाठी मुद्दाम बोथट सुरी ठेवली होती. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. मऊ केळं कापायला बोथट ठीक, पण गाजराला छोटी, धारदार सुरीच बरी. पाटाखाली ओला कपडा घातला की पाट सरकत नाही. गोल भाजीचे पहिले दोन तुकडे आईने करायचे, मुलीने सपाट बाजू खाली ठेवून पुढचं कापायचं. धरणाऱ्या हाताची बोटं वाघाच्या पंजासारखी आत वळलेली हवीत, अंगठाही मागे. सुरी हातातून हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. साबणाच्या पाण्यात ती कधीच टाकायची नाही, कारण तिथे ती दिसत नाही. आई शेजारी उभी असेल तेव्हाच हे सगळं.

जंतूंचा विचार आईने फारसा केला नव्हता. धाकटा अंडं फोडून बोटं चाटायचा आणि घरात त्याचं कौतुक व्हायचं! कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो, आणि कच्चं पीठही निर्धोक नसतं, म्हणून अंड्या-पिठाचं कच्चं मिश्रण चाखायचं नाही. अंड्याला हात लागला की साबणाने वीस सेकंद हात धुवायचे. कच्चं मांस फक्त मोठ्यांनी हाताळायचं, त्याचा पाट आणि सुरीही वेगळी.

बोलता बोलता कळलं, भाजल्यावर आईने मनगटावर टूथपेस्ट लावली होती. पेस्ट, बर्फ, तूप यांपैकी काहीही नको. बांगडी-अंगठी काढून भाजलेला भाग साध्या नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचा. वीस मिनिटं खूप वाटतात, तरी तेवढी द्यावीच. फोड आले, किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल, तर डॉक्टरांकडे जायचं.

पुढच्या भेटीला मुलगीही आली. “मग गॅस कधी?” तिने मलाच विचारलं. दहाच्या आसपास, पण वाढदिवस झाला म्हणून नाही, असं मी सांगितलं. स्टुलाशिवाय उभं राहून ओटा कमरेला आला पाहिजे आणि न सांगता गॅस बंद करता आला पाहिजे. सुरुवात आईबरोबर, अर्धं भरलेलं पाण्याचं पातेलं तापवण्यापासून. तळण त्याच्याही बरंच नंतर: उकळतं पाणी शंभर अंशांवर थांबतं, तळणीचं तेल 170-180 अंशांपर्यंत तापतं आणि त्वचेला चिकटून राहतं. यावर तिने तोंड वाकडं केलं, पण आकडा मात्र वहीत लिहून घेतला.