ट्यूशनच्या एका बॅचमागे खरा नफा कसा काढायचा?

"हॉलचं भाडं, नोट्स, जाहिरात आणि बुडालेली फी धरून एका बॅचचा नफा किती, हे कसं काढू?"

ठरलेल्या फीपासून नव्हे, हातात आलेल्या फीपासून सुरुवात करा. समजा दहावी गणिताच्या बॅचमध्ये 25 मुलं आहेत आणि वर्षाची फी 12,000. कागदावर 3,00,000 होतात. दोघांनी 4,000चा पहिला हप्ता भरून पुढचे दिले नाहीत, तर जमा 2,84,000. बुडालेले 16,000 इथेच वजा झाले. ते पुन्हा खर्चात लिहू नका, ही चूक फार जण करतात.

हॉलचं भाडं महिना 8,000 असेल तर बाराही महिन्यांचं धरा, कारण मे महिन्यात क्लास बंद असला तरी मालक भाडं घेतोच. ते बॅचच्या तासांप्रमाणे वाटा. दोन बॅचचे तास सारखे असतील तर हिच्या वाट्याला 48,000. झेरॉक्स आणि सराव पेपर मुलामागे 600, म्हणजे 15,000. फी बुडवणाऱ्यांनीही नोट्स नेलेल्याच असतात. पत्रकं-फ्लेक्सचे 14,000 मात्र नव्या प्रवेशांवर वाटा, कारण जुनी मुलं जाहिरात बघून येत नाहीत. 20 नव्यांपैकी 10 या बॅचचे असतील तर 7,000.

एकूण खर्च 70,000, उरले 2,14,000. ही तुमच्या मेहनतीची रक्कम आहे, तेव्हा तासांनी भागून बघाच. शिकवण्याचे 360 तास धरले तर तासाला साधारण 594 पडतात. तयारी आणि पेपर तपासण्याचे 180 तास मिळवले की 396च. जवळची शाळा किंवा मोठा क्लास तासाला याहून जास्त देत असेल, तर पुढच्या वर्षी फी वाढवा आणि दुसरा हप्ता दिवाळीआधी घ्या.