‘उंदीर पडणे’ म्हणजे काय?

प्रश्न : पणजोबांच्या जुन्या वहीत, प्लेगच्या वर्षांतल्या नोंदींमध्ये, ‘आळीत उंदीर पडला, सबब मळ्यात राहावयास गेलो’ असं वाक्य आहे. ‘उंदीर पडणे’ हा वाक्प्रचार आहे का? एका मेलेल्या उंदरासाठी कोणी राहतं घर सोडेल का?

उत्तर : हो, वाक्प्रचारच आहे, आणि त्या काळात तो ऐकून घर न सोडणारा माणूस वेडा ठरला असता. ‘उंदीर मेला’ म्हणजे मांजरानं मारला, सापळ्यात अडकला, विष खाऊन गेला. ‘उंदीर पडला’ म्हणजे कोणीही न मारता, भर दिवसा, माणसांच्या डोळ्यांसमोर येऊन मेला. पहिल्यात घरधन्याची सुटका आहे, दुसऱ्यात घरावर आलेलं संकट आहे.

इथलं ‘पडणे’ दोन अंगांनी समजून घेता येतं. एक अगदी शब्दशः. आपल्या जुन्या घरांतला काळा उंदीर कौलांखाली, आढ्यात, माळ्यावर राहणारा. एरवी तो माणसाची चाहूल लागताच नाहीसा होतो. प्लेग झालेला उंदीर मात्र झिंगल्यासारखा बाहेर येतो, पळायचं त्याला सुचत नाही, आणि वाशावरून सरळ खाली जमिनीवर येतो. दुसरं अंग भाषेचं. दुष्काळ पडतो, दरोडा पडतो, लढाईत माणसं पडतात. ज्या आपत्तीवर आपला इलाज नाही, तिच्यासाठी मराठीनं हे क्रियापद राखून ठेवलेलं दिसतं. म्हणून तुमच्या वहीत ‘उंदीर पडला’ असं एकवचन आहे. मोजायला बसलं तर कदाचित दहा मेले असतील, पण लिहिणाऱ्याला संख्या सांगायची नाही, घटना सांगायची आहे.

आता घर का सोडायचं, हे कळण्यासाठी उंदरावरून पिसवांकडे यावं लागतं. प्लेगचा जिवाणू, येर्सिनिया पेस्टिस, १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्सांद्र येर्सँ यांनी वेगळा काढला. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. रोग कोणता हे कळलं होतं, पण तो एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो हे कळलेलं नव्हतं. कोणी हवेला दोष देत होतं, कोणी घाणीला, कोणी धान्याला. घरं धुतली गेली, सामान जाळलं गेलं, माणसं जबरदस्तीनं हलवली गेली, आणि प्लेग पुढच्या आळीत जातच राहिला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत पिसवांच्या मार्फत एका उंदराचा प्लेग दुसऱ्या उंदराला देऊन दाखवला. तरीही पुढची कित्येक वर्षं फार थोड्यांनी ते मानलं.

पिसूच्या पोटात जे घडतं, ते सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. मरणाच्या दारात असलेल्या उंदराच्या रक्तात प्लेगचे जिवाणू अगणित झालेले असतात. अशा रक्तावर पोसलेल्या पिसूच्या अन्नमार्गात, जठराच्या अगदी तोंडाशी, ते वाढतात आणि चिकट थर धरतात. काही दिवसांनी तिथं मोरीत बसावा तसा बोळा बसतो. मग पिसू कितीही रक्त ओढो, ते पोटात उतरत नाही. ती उपाशीच राहते, म्हणून पुन्हा पुन्हा चावते, आणि ओढलेलं रक्त बोळ्याला धडकून जिवाणूंसकट चावलेल्या जागी परत येतं. (बोळा बसण्याआधी, पहिल्या काही दिवसांतही थोडंफार संक्रमण होतं असं अलीकडे दिसून आलं आहे. पण भुकेनं पिसाळलेली, बोळा बसलेली पिसू हे जुन्या साथींमागचं मोठं कारण.) उंदरावरच्या पिसूला खरं तर उंदीरच हवा असतो. जोवर जवळपास जिवंत उंदीर आहे, तोवर ती मेलेल्या उंदराचं अंग थंड होताच त्या जिवंत उंदरावर जाते. माणूस तिच्यासाठी अगदी शेवटचा आसरा.

यातून एक गोष्ट निघते, आणि ती अनेकांना उलटी वाटते. उंदीर पडत असतात तेव्हा प्लेग उंदरांत फिरत असतो. पडायचे थांबतात तेव्हा तो माणसांकडे वळतो.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते मुंबईतल्या एका चाळीच्या नोंदीत. परळच्या प्लेग प्रयोगशाळेत काम करणारे डॉ. ग्लेन लिस्टन यांनी ती टिपून ठेवली. ६ एप्रिल १९०३ च्या सुमारास त्या चाळीत उंदीर मोठ्या संख्येनं मरू लागले. मग मरणं एकाएकी थांबलं. ११ एप्रिलपासून रहिवाशांना पिसवांचा त्रास सुरू झाला, आणि तो इतका वाढला की लोक खोल्या सोडून व्हरांड्यात झोपू लागले. १७ एप्रिलला त्यांतल्या एकाला प्लेग झाला. लिस्टन यांनी तिथल्या माणसांवरच्या तीस पिसवा गोळा करून तपासल्या, तर जवळजवळ निम्म्या उंदरावरच्या जातीच्या निघाल्या. एरवी माणसांवरून पकडलेल्या २४६ पिसवांत त्यांना त्या जातीची एकच सापडली होती. म्हणजे उंदीर संपल्यावर पिसवा खरोखरच माणसांवर आल्या होत्या, आणि त्या यायला व पहिला माणूस आजारी पडायला मिळून दोन आठवडेही लागले नाहीत.

पुढे १९०५ पासून मुंबईत काम केलेल्या प्लेग संशोधन आयोगानं हा हिशेब पक्का केला. शहरात आधी गटारांतला तपकिरी उंदीर मरायचा, मग साधारण दहा दिवसांनी घरातला काळा उंदीर, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांची साथ. या शेवटच्या अंतराची फोडही करता येते. उंदीर गेल्यावर पिसू सुमारे तीन दिवस उपाशी राहते, मग माणसाला चावते. चावल्यापासून ताप आणि गाठ यायला साधारण तीन दिवस, आणि त्या काळी औषध नसल्यामुळे तिथून मृत्यूपर्यंत पाच-सहा दिवस. बेरीज अकरा-बारा दिवसांवर येते. तुमच्या वहीत उंदीर पडल्याची आणि आळीतल्या पहिल्या मृत्यूची अशा दोन्ही तिथी असतील, तर हे अंतर मोजून बघा. ते या मर्यादेत बसण्याची बरीच शक्यता आहे.

याच आयोगाचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. प्लेगच्या पिसवा असलेल्या जागेत त्यांनी गिनीपिगांचे पिंजरे टांगले, काही जमिनीपासून दोन इंचांवर, काही दोन फुटांवर. खालच्यांना प्लेग झाला, वरच्यांना नाही. हवा दोन्हींना एकच होती. फरक एवढाच, की पिसूची उडी जेमतेम चार इंच उंच जाते. हवेतून, वासातून प्लेग पसरतो हा समज गाठीच्या प्लेगपुरता इथं खोटा ठरला.

म्हणून मळ्यात राहायला जाणं हा त्या काळात मिळू शकणारा सर्वांत चांगला उपाय होता. लोकांना पिसूचं गणित ठाऊक नव्हतं, पण उंदीर पडल्यावर थांबलेल्या घरांत गाठी येतात आणि माळावर झोपड्या बांधून राहिलेले वाचतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. घर रिकामं केल्यावर आत राहिलेल्या पिसवांना रक्त मिळत नाही. मात्र घाई करून परत आलं, किंवा निघताना अंथरुणं-गोधड्या तशाच उचलून नेल्या, तर पिसवाही बरोबर येतात. सगळं घर सोडूनही काही कुटुंबांत प्लेग झाला, त्यामागचं हे एक कारण.

या खुणेवर किती विसंबायचं, तेही सांगायला हवं. एखाददुसरा मेलेला उंदीर सापडला म्हणजे उंदीर पडले असं होत नाही. विष टाकलं असेल, बिळांत पुराचं पाणी शिरलं असेल, तरी उंदीर मरतात. पण त्याचं कारण शोधलं तर सापडतं. कारण न सापडता थोड्या दिवसांत, जवळजवळच्या घरांत बरेच उंदीर उघड्यावर मरणं ही खरी खूण. उलट बाजूनं, उंदीर पडले नाहीत म्हणून प्लेग नाही असंही म्हणता येत नाही. वर्षानुवर्षं प्लेग सोसलेल्या मुंबईतले उंदीर मद्रासच्या उंदरांपेक्षा या रोगाला अधिक टिकतात, असं आयोगाला आढळलं होतं. असे उंदीर जिवाणू बाळगूनही पटापट पडत नाहीत. आणि फुप्फुसाचा प्लेग तर खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातो. तिथं उंदीर किंवा पिसू यांची वाट पाहावी लागत नाही.

हा वाक्प्रचार पणजोबांच्या काळातच संपला असंही नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडल्याचं कळलं, मग गावकऱ्यांनी पिसवा फार झाल्याची तक्रार केली, आणि त्यानंतर गाठीचे संशयित रुग्ण पुढे आले. क्रम तोच, लिस्टन यांच्या चाळीतला. आरोग्य खात्यातली माणसं या घटनेला ‘रॅट फॉल’ म्हणतात, म्हणजे पणजोबांचंच ‘उंदीर पडणे’. आता प्लेगवर प्रतिजैविकं आहेत आणि ती वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो. तरी उंदीर पडल्याचं दिसलं तर त्याला उघड्या हातानं उचलायचं नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं, आणि उरलेले उंदीर मारण्याची घाई करायची नाही. आधी बिळांत आणि उंदरांच्या वाटांवर पिसवा मारणारी भुकटी टाकतात, पिसवा संपल्यावर मगच उंदरांना विष घालतात. क्रम उलटा केला, तर एकाच दिवसात सगळ्या पिसवांचे यजमान मारून त्यांना माणसांकडे पाठवल्यासारखं होतं.