अर्थ कळतो, तरी प्रश्न का होत नाही?

प्रश्न: "खानापूरला बी.ए.ला इंग्रजी शिकते. 'व्हॉट डिड यू मीट द मॅन हू सोल्ड?' हे वाक्य सरांनी साफ चूक ठरवलं. मला तर अर्थ लगेच कळला. मग बिघडलं कुठं?"

उत्तर: मराठीत हेच सरळ विचारता येते: 'काय विकणाऱ्या माणसाला तू भेटलास?' उत्तर येईल, 'कुंदा', म्हणजे ती मिठाई. आपल्या भागातला कन्नड बोलणाराही 'एनु मारुववनन्नु नोडिदे?' असे सहज विचारील. या दोन्ही भाषांत प्रश्नार्थक शब्द उत्तराच्याच जागी राहू शकतो. इंग्रजीत मात्र तो वाक्याच्या आरंभी न्यावा लागतो. अडचण या नेण्यात आहे, वाक्याच्या अर्थामध्ये नाही. ऐकलेले नीट कळले नाही म्हणून कोणी 'यू मेट द मॅन हू सोल्ड व्हॉट?' असे विचारले, तर तेथे 'व्हॉट' हललेला नसतो आणि वाक्य चालते.

अंतर हेही कारण नव्हे. 'व्हॉट डू यू थिंक शी सेड ही सोल्ड?' यात 'व्हॉट' अधिक लांबून आला आहे, तरी वाक्य शुद्ध आहे, कारण तो प्रत्येक उपवाक्याच्या आरंभी थांबत टप्प्याटप्प्याने वर येतो. तुमच्या वाक्यात 'सोल्ड'च्या पुढून निघालेल्या 'व्हॉट'ला पहिला थांबा उपवाक्याच्या आरंभीच मिळायला हवा होता, पण ती जागा 'हू'ने आधीच घेतली आहे. त्यामुळे ते उपवाक्य आणि त्याला पोटात घेणारे 'द मॅन' हे नामपद, या दोन्हींच्या सीमा त्याला एकाच उडीत ओलांडाव्या लागतात, आणि तेथेच वाक्य मोडते. ज्या रचनांतून शब्द असा बाहेर काढता येत नाही, त्यांना भाषाशास्त्रज्ञ जॉन रॉस यांनी १९६७ साली एमआयटीतील आपल्या प्रबंधात 'बेटे' म्हटले; सीमांचे वरील स्पष्टीकरण चॉम्स्की यांनी १९७३ मध्ये मांडले. ते सर्वांना मान्य आहे असे नाही: काही अभ्यासक दोष स्मरणशक्तीवरील ताणाला देतात, आणि डॅनिश व स्वीडिश भाषांत 'हू सोल्ड'सारख्या संबंधी उपवाक्यातून शब्द बाहेर काढलेली काही वाक्ये चालतात.

मराठीत शब्द हलत नाही म्हणून मराठीला बेटेच नाहीत, असा निष्कर्ष मात्र काढू नये, आणि मला स्वतःला या विषयातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. 'दुकान का बंद केलेल्या माणसाला तू भेटलास?' हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. दुकान बंद करण्याचे कारण विचारायचे आहे हे कळते, तरी कान ते स्वीकारत नाही. आणि 'का' वाक्याच्या आरंभी आणला, तर प्रश्न दुकानाचा न राहता भेटण्याच्या कारणाचा होतो. मूळ जागी 'का'ऐवजी 'कशामुळे' ठेवले, तर वाक्य पुष्कळ सुधारते. चिनी भाषेतही प्रश्नार्थक शब्द जागेवरच राहतो आणि तेथेही 'काय', 'कोण' बेटात चालतात, पण 'का' चालत नाही, हे जेम्स ह्वांग यांनी १९८२ च्या प्रबंधात दाखवले. 'काय' आणि 'कशामुळे' ही नामासारखी पदे आहेत, 'का' तसे नाही. म्हणून उच्चारात जागेवर राहिलेल्या 'का'लाही अर्थाच्या पातळीवर बेटाची सीमा अडवते, असे मानले जाते.