इन्चार्ज दुपारी घरी जाते, वॉर्ड रात्रभर चालतो

"ताई, मी लातूरकडच्या एका रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज झालेय. माझ्या दोन सिस्टर एकमेकींशी बोलत नाहीत. कडक वागले तर हुकूमशाही म्हणतात, समजुतीने घेतलं तर कुणी ऐकत नाही. पोस्ट बेसिकच्या मॅनेजमेंटच्या पेपरला याच विषयावर केस लिहायचीय. नेमकी कोणती लीडरशिप स्टाईल बरोबर?"

ताई, नांदेड भागातल्या एका वॉर्डची केस सांगते. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदललेत, पण भांडण अगदी असंच होतं.

रात्री आठच्या ओव्हरची वेळ. दुपारच्या ड्युटीवरच्या सीनियर सिस्टरने मधुमेहाच्या एका आजोबांना जेवणाआधी साडेसातला इन्सुलिन दिलं होतं. तेवढ्यात नवीन अ‍ॅडमिशन आलं आणि ट्रीटमेंट शीटवर सही करायची राहून गेली. नर्सिंग स्टेशनला नातेवाइकांचा गराडा होता. त्या गोंधळात "सगळ्यांचं इन्सुलिन झालंय" असं म्हणून त्या घरी निघाल्या. रात्रीच्या ज्युनियर सिस्टरने ते ऐकलंच नाही. तिला शीटवर रकाना रिकामा दिसला. तिने डोस भरला आणि ती कॉटपाशी गेली, तर आजोबाच म्हणाले, "आत्ताच टोचलं की वो बाई." ती थांबली म्हणून निभावलं. दुसरा डोस गेला असता तर मध्यरात्री साखर ७० च्या खाली उतरून आजोबा घामाघूम झाले असते, कदाचित बेशुद्धही.

सकाळच्या राउंडला तिने ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली, तीही आजोबांच्या मुलासमोर. सीनियरच्या कानावर गेल्यावर त्या म्हणाल्या, "बावीस वर्षं झाली नोकरीला, आणि ही कालची पोरगी मला चारचौघांत चोर ठरवायली!" तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. निरोप मावशींच्या तोंडी जायचे, ओव्हर वहीत लिहून ठेवलं जायचं.

तिथल्या इन्चार्ज सिस्टर माझ्याकडे आल्या तोवर दोन उपाय करून झाले होते. आधी त्यांनी दोघींच्या ड्युट्या अशा लावल्या की गाठच पडू नये. पण फिरत्या रोस्टरमध्ये कुणी आजारी पडलं किंवा रजेवर गेलं की त्या पुन्हा समोरासमोर यायच्याच. मग दोघींना मेमो दिला. वॉर्ड शांत झाला. ओव्हरच्या वहीत रोज दोन्ही सह्या दिसू लागल्या, पण सहीच्या वर मजकूर एका ओळीचा: "सर्व पेशंट ठीक." तीस खाटांच्या मेडिसिन वॉर्डात सगळे पेशंट ठीक कधीच नसतात. वाद मिटलेला नाही, नुसता दबलाय, हे असल्या ओळीवरून कळतं. तुमच्या वॉर्डची वही आजच उघडून बघा.

तुमच्या पेपरला लेविन, लिपिट आणि व्हाइट यांचा १९३९ चा प्रयोग असेलच. दहा-एक वर्षांच्या मुलांच्या हौशी मंडळांत त्यांनी तीन तऱ्हेचे मोठे नेमले: हुकूम सोडणारा, विचारून ठरवणारा आणि मोकळं सोडणारा. परीक्षेत बहुतेक जणी फक्त ही तीन नावं लिहितात. आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. हुकुमाच्या गटात मोठा माणूस खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. विचारून ठरवलेल्या गटात तो नसतानाही बऱ्यापैकी चालू राहायचं. इन्चार्ज सिस्टर दुपारी दोनला घरी जातात आणि पुढचे अठरा तास वॉर्ड त्यांच्या नजरेआड चालतो. मेमो त्या अठरा तासांत पोचत नाही. म्हणून मला वाटतं, स्टाईल स्वभावानुसार निवडायची नसते. समोर काय आहे आणि आपण तिथे नसताना काय टिकायला हवं, त्यावरून ती ठरते.

त्या रात्री इन्चार्ज हजर असत्या, तर चर्चेला जागाच नव्हती. दुसरा डोस थांबवा, ग्लुकोमीटरवर साखर बघा, ड्युटी डॉक्टरांना कळवा, असा सरळ हुकूमच हवा होता. रुग्णाच्या जिवाशी गाठ असताना मतं विचारत बसणं म्हणजे वेळ घालवणं. भांडण मिटवताना मात्र तोच हुकूम कुचकामी ठरतो.

मी त्यांना आधी दोघींना वेगवेगळं ऐकायला सांगितलं. "चूक कुणाची" हे विचारायचं नाही, "त्या दिवशी काय काय झालं" एवढंच विचारायचं. सीनियरचं दुखणं सहीचं नव्हतंच, नातेवाइकासमोर झालेल्या अपमानाचं होतं. ज्युनियरचं बोलणं इन्सुलिनपासून सुरू झालं आणि रोस्टरवर येऊन थांबलं. ती कंत्राटी होती. काम तेच, पगार कितीतरी कमी, आणि वर "माझ्याच वाट्याला सारख्या नाईट येतात, कुणी विचारत नाही." इन्चार्जनी मागचं रोस्टर काढून नाईट मोजल्या, तर तिचं म्हणणं खरं निघालं. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. ज्यांची लहान मुलं, ज्यांची गुडघेदुखी, त्यांच्या सोयी बघता बघता उरलेल्या नाईट तिच्या नावावर पडत गेल्या होत्या.

मग दोघींना एकत्र बसवलं. स्टेशनवर नाही, वॉर्डाबाहेरच्या ट्यूटर रूममध्ये दार लावून, दोघीही ड्युटीवर नसताना. नियम एकच ठेवला: आपलं मांडण्याआधी समोरचीने काय सांगितलं ते तिला पटेल असं सांगायचं. इथे वेळ लागला. सीनियर दोनदा अडल्या. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "रिकामी शीट बघून ती घाबरली. मी असते तर मीबी घाबरले असते." त्यानंतर ज्युनियर स्वतःहून म्हणाली की मुलासमोर बोलायला नको होतं.

ठरलं ते थोडकंच. ओव्हर स्टेशनवर न होता कॉटपाशी, शीट हातात धरून, दोघींनी मिळून करायचं. इन्सुलिनची सही इंजेक्शन दिल्या जागीच करायची. रकाना रिकामा दिसला तर आधी देणाऱ्या सिस्टरला फोन, मग डोस. घडलेला प्रकार लेखी रिपोर्टात जाईलच, पण नातेवाइकांसमोर सहकाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नाईटची वाटणी इन्चार्ज सगळ्यांसमोर भिंतीवर लावणार. पगाराचा फरक त्यांच्या हातात नव्हता. त्याबद्दल खोटं आश्वासन दिलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा बसायचं तेव्हाच ठरवलं होतं. त्या बैठकीला वहीतल्या ओळी लांब झाल्या होत्या, शीटवरचे रिकामे रकाने जवळपास संपले होते. दोघी मैत्रिणी झाल्या नाहीत, चहा अजून वेगवेगळाच घेतात. ओव्हर मात्र नीट होतं.

पेपरात थॉमस आणि किलमन यांच्या पाच पद्धती लिहाल तेव्हा हीच केस त्यांवर लावून बघा. ड्युट्या वेगळ्या करणं म्हणजे टाळणं, मेमो म्हणजे रेटणं, ट्यूटर रूममधली बैठक म्हणजे मिळून तोडगा काढणं. टाळणं दर वेळी वाईटच असतं असं मात्र लिहू नका. भांडण तापलेलं असताना एक रात्र जाऊ देणं शहाणपणाचंच असतं.

एक सांभाळा. प्रकरण जातीवरून बोलण्याचं, धमकीचं किंवा लैंगिक छळाचं असेल, तर दोघांना समोरासमोर बसवून "समजून घ्या" म्हणायचं नाही. ते मेट्रनकडे लेखी द्यायचं आणि छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे जाते. तिथे इन्चार्जचं काम तक्रार करणाऱ्या व्यक्तीला सुरक्षित ठेवण्याचं आणि नोंदी जपण्याचं आहे.